ब्लड कल्चरची बाटली किती तासांत वाजली, आणि त्याचा अर्थ कसा लावायचा

एकाच आठवड्यात आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या टेबलावर दोन रिपोर्ट आले. दोन्हींत जंतू एकच, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. वॉर्डात ज्याला सगळे 'कॉन्स' म्हणतात त्या गटातला, कातडीवर राहणारा. पहिल्या पेशंटमध्ये तो जंतू निव्वळ आगंतुक होता आणि त्याच्यापायी माणसाला आठवडाभर नको ते औषध मिळालं. दुसऱ्या पेशंटमध्ये तोच जंतू आजाराचं मूळ होता. फरक कळला तो बाटल्या कशा भरल्या होत्या आणि किती तासांनी वाजल्या त्यावरून. दोन्ही केसेस पुढे येतीलच. आधी बाटली भरण्यापासून सुरुवात करू, कारण मशीनच्या पडद्यावर दिसणाऱ्या तासांच्या आकड्याला अर्थ असतो की नसतो, हे पेशंटच्या पलंगापाशीच ठरतं.

हे सगळं प्रौढ पेशंटबद्दल आहे. लहान मुलांत रक्त वजनाप्रमाणे घेतात, बाटल्याही वेगळ्या असतात, त्यामुळे ते गणित इथे लावू नका.

कधी, किती बाटल्या, किती रक्त

सेप्सिसची शंका आली की अँटिबायोटिकच्या आधी कल्चर. हे सगळ्यांना पाठ आहे, तरी कॅज्युअल्टीत नेमकं उलटं होतं, कारण इंजेक्शन हाताशी असतं आणि बाटली स्टोअरमध्ये. २०१९ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या ३२५ पेशंटवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्याच पेशंटचं कल्चर अँटिबायोटिकच्या आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा घेतलं होतं. आधीच्या कल्चरमध्ये १०० पैकी साधारण ३१ जणांत जंतू सापडला, नंतरच्यात १९ जणांत. म्हणजे दोन तासांच्या आतच बरेच जंतू हातचे निसटले होते. अर्थात बीपी ढासळलेल्या माणसाला शीर सापडत नाही म्हणून इंजेक्शन थांबवायचं नाही. पाऊण तासाच्या आत कल्चर होत नसेल, तर औषध सुरू करा आणि कल्चर मागून घ्या. फक्त स्लिपवर तसं स्पष्ट लिहा.

ताप चढायची वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. हुडहुडी सुरू होते तेव्हा रक्तातले जंतू बहुधा येऊन गेलेले असतात.

आता प्रमाण. एक सेट म्हणजे दोन बाटल्या, एक एरोबिक आणि एक अनएरोबिक. प्रत्येकीत ८ ते १० मिली. आणि असे दोन सेट, दोन वेगळ्या जागांहून, दोनदा सुई टोचून. एकूण ४० मिलीपर्यंत. एकाच सुईतून चार बाटल्या भरल्या तर रक्त पुरेसं मिळतं, पण कातडीवरचा जंतू घुसलाच तर तो चारही बाटल्यांत घुसतो आणि मग खरं-खोटं वेगळं काढायला काही उरत नाही.

नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, एवढं रक्त कशाला काढता?" त्यांना सांगा, ४० मिली म्हणजे चहाचे आठ चमचे; रक्तदानात एका वेळी ३५० मिली घेतात. खरी अडचण नातेवाइकांची नसतेच. ती आपली असते, कारण २ मिलीवर भागवायची सवय लागलेली असते.

२ मिलीवर का भागत नाही, हे एकदा मांडून बघू. मोठ्या माणसाच्या सेप्सिसमध्ये रक्तात जंतूंची गर्दी असते असा समज आहे, प्रत्यक्षात अनेकदा मिलीमागे एकही नसतो. धरा, ५ मिली रक्तात सरासरी एक जंतू आहे. शेंगदाणे कमी पडलेल्या चिवड्याची मूठ घेतली तर काही मुठींत एकही शेंगदाणा येत नाही, तसंच हे. या हिशोबाने २ मिली रक्त घेतलं, तर त्यात एकही जंतू नसण्याची शक्यता ६७ टक्के. १० मिली घेतलं तर ती १४ टक्क्यांच्या आसपास, आणि २० मिलीला २ टक्के. म्हणजे २ मिलीच्या कल्चरचा 'नो ग्रोथ' हा रिपोर्ट तीनपैकी दोनदा केवळ आपण मूठ छोटी घेतली म्हणून आलेला असू शकतो. पुढचं मशीन कितीही महागाचं असो, बाटलीत जंतू आलाच नाही तर ते तरी काय वाढवणार?

कातडी आणि बूच

कंटॅमिनेशन होतं ते बहुतेक वेळा या तीन-चार मिनिटांत.

साहित्य आधी हाताशी मांडून घ्या: बाटल्या, क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलचे स्वॅब, स्पिरिटचे स्वॅब, बटरफ्लाय नीडल किंवा २० मिलीची सिरिंज, टूर्निके, ग्लोव्ह्ज, पेन. बाटलीची मुदत बघा, ब्रॉथ गढूळ नाही ना ते बघा. मग पेनाने किंवा बाटलीवरच्या रेघांच्या आधारे, आत्ता ब्रॉथ कुठवर आहे आणि १० मिली वाढल्यावर कुठवर येईल, ही खूण करून ठेवा. ही खूण महत्त्वाची आहे, कारण बाटलीतली निर्वात पोकळी १० मिलीला आपोआप थांबत नाही. ती ओढतच राहते.

प्लास्टिकची टोपी उडवली की खालचं रबरी बूच निर्जंतुक असेल असं वाटतं. ते निर्जंतुक नसतं. टोपी धूळ अडवते, एवढंच. प्रत्येक बूच ७० टक्के अल्कोहोलने घासा आणि वाळू द्या. बुचावर बेटाडिन लावू नका. ते रबराला मानवत नाही आणि सुईबरोबर आत जाऊ शकतं.

आता हात. टूर्निके बांधा, शीर चाचपून नक्की करा, मग टूर्निके सैल करा. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने ती जागा पुढे-मागे, आडवी-उभी अशी ३० सेकंद घासायची. 'पुसणं' आणि 'घासणं' यांत इथे फरक आहे, कारण जंतू कातडीच्या वरच्या थरांच्या सापटींत असतात. मग ३० सेकंद वाळू द्यायचं. क्लोरहेक्सिडिन नसेल आणि पोव्हिडोन आयोडीन वापरत असाल, तर वाळायला दीड-दोन मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. ओल्या आयोडीनने काम होत नाही.

या ३० सेकंदांत मी तीन गोष्टी पाहिल्या आहेत. एक, तोंडाने फुंकर मारून वाळवणं. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकाय थेट त्या जागेवर. दोन, हाताने किंवा केसपेपरने वारा घालणं. आणि तीन, जी सगळ्यांत जास्त दिसते: सगळं व्यवस्थित घासून झाल्यावर, सुई टोचायच्या क्षणी बोटाने पुन्हा एकदा शीर चाचपणं. ग्लोव्ह घातलेला असतो, त्यामुळे करणाऱ्याला वाटतं चालतंय. पण त्याच ग्लोव्हने दोन मिनिटांपूर्वी पलंगाची कड धरलेली असते. चाचपावंच लागणार असेल तर निर्जंतुक ग्लोव्ह घाला, नाहीतर जागा पुन्हा घासा.

एवढं करूनही कातडीतले थोडे जंतू केसांच्या मुळांशी आणि तेलग्रंथींत खोल राहतात, तिथवर औषध पोचत नाही. सुई आत जाताना कातडीचा सूक्ष्म तुकडा तिच्या टोकात अडकतो आणि पहिल्या रक्ताबरोबर वाहून येतो. म्हणून पहिलं १ ते २ मिली रक्त बाटलीत न घालता बाजूला काढलं की कंटॅमिनेशन घटतं. त्यासाठी तयार उपकरणं मिळतात, पण ती महाग आहेत. बटरफ्लायच्या नळीला आधी एक छोटी निर्जंतुक सिरिंज लावून पहिलं रक्त तिच्यात घेणं आणि मग मोठी सिरिंज लावणं, हा साधा मार्ग जमतो. फक्त जोड बदलताना टोकाला हात लागता कामा नये.

व्हेन्फ्लॉनमधून कल्चर नको. नुकताच लावलेला असला तरी नको, जुना तर नकोच. सलाइन चालू असलेल्या हातातूनही नको. ग्रोइनमधून घ्यावंच लागलं तर तसं लिहा, कारण तिथलं कंटॅमिनेशन जास्त असतं.

भरणं, लिहिणं, पोचवणं

बटरफ्लायने थेट बाटली भरत असाल तर आधी एरोबिक, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते आणि ती अनएरोबिकमध्ये जायला नको. सिरिंजने घेतलं असेल तर आधी अनएरोबिक. सिरिंजमध्ये हवा वर, म्हणजे दट्ट्याच्या बाजूला राहते. पण रक्त कमीच मिळालं, समजा ९ मिली, तर ते वाटत बसू नका. सगळं एरोबिकमध्ये घाला. दट्ट्या दाबून रक्त ढकलायचं नाही, बाटलीला ओढू द्यायचं, आणि खुणेशी थांबायचं. जादा भरलेल्या बाटलीत पांढऱ्या पेशींच्याच श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि जंतू नसताना मशीन वाजतं. शेवटी बाटली दोन-चारदा हलकेच उलटी-सुलटी करा.

लेबल बारकोडवर चिकटवू नका. आणि चार गोष्टी लिहा: घेतल्याची वेळ, जागा ('उजवा हात', 'डायलिसिस कॅथेटर'), अंदाजे किती मिली, आणि अँटिबायोटिक आधी गेलं होतं का. 'ब्लड सी/एस' एवढंच लिहून आलेली बाटली वाजली की आम्ही तिच्याकडे नुसते बघत बसतो.

बाटली दोन तासांच्या आत मशीनमध्ये जावी, फार तर चार. फ्रिजमध्ये कधीच नाही. थंडीने काही जंतू मरतात. रात्री लॅब बंद म्हणून वॉर्डातल्या इनक्युबेटरमध्ये ३७ अंशांना ठेवणंही नको, कारण मशीन सुरुवातीच्या पातळीपासून वाढ कशी होते ते बघतं. बाटली आत जाण्याआधीच जंतू भरपूर वाढून थकला असेल, तर ती वाढ त्याला दिसतच नाही आणि भरलेली बाटली 'निगेटिव्ह' ठरते. विदर्भात मे महिन्यात खिडकीत ठेवलेली बाटली म्हणजे फुकटचा इनक्युबेटरच. उशिरा आलेली बाटली मशीनमध्ये टाकण्याआधी उजेडात धरून बघा: गढूळपणा, फुगलेलं बूच, रक्त फुटून लाल झालेला ब्रॉथ. यातलं काही दिसलं तर मशीनची वाट न बघता सरळ ग्रॅम स्टेन लावा.

मशीन नक्की काय मोजतं

बॅक्टेक असो की बॅक्ट/अलर्ट, तत्त्व एकच. जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या तळातला सेन्सर त्याने बदलतो, आणि मशीन दर १० मिनिटांनी तो सेन्सर वाचतं. बदल ठरावीक वेगाने झाला की फ्लॅग येतो. बाटली आत गेल्यापासून फ्लॅग येईपर्यंतचा वेळ म्हणजे टाइम टू पॉझिटिव्हिटी. आम्ही बोलताना टीटीपी म्हणतो. जिथे अजून हाताने बीएचआयच्या बाटल्या बघतात तिथे हा आकडा मिळत नाही, कारण बाटली दिवसातून एकदा-दोनदाच पाहिली जाते.

हे घड्याळ सुई टोचल्यापासून चालू होत नाही, बाटली आत गेल्यापासून होतं. वॉर्डात ९ तास पडून राहिलेली बाटली ४ तासांत वाजली, तर 'रक्तात प्रचंड जंतू' असं समजू नका. टेबलावरचे ९ तास जंतू काही उपाशी नव्हता.

आता हिशोब. बाटलीत ३० मिली ब्रॉथ, वरून १० मिली रक्त. रक्तात मिलीमागे १ इ. कोलाय, म्हणजे बाटलीत १० जंतू. मशीनला चाहूल लागायला मिलीमागे एक ते दहा कोटी लागतात. आपण दहा कोटी धरू. १० जंतूंचे तेवढे व्हायला साधारण २९ वेळा दुप्पट व्हावं लागतं. दर दुपटीला २५ मिनिटं धरली तर १२ तास. जंतूला रुळायला लागणारा सुरुवातीचा वेळ यात धरलेला नाही, तरी प्रत्यक्षात इ. कोलाय याच सुमारास वाजतो. आता दुसऱ्या पेशंटच्या रक्तात त्याच्या शंभर पट जंतू आहेत असं माना. त्याला २२ दुपटी पुरतात, सव्वानऊ तास. शंभर पटीचा फरक, आणि घड्याळात तो तीन तासांहूनही कमी. टीटीपी वाचताना हे डोक्यात असलं पाहिजे: थोड्या तासांत खूप मोठा फरक दडलेला असतो.

आणि रक्त निम्मं घेतलं तर? जंतू सापडलाच तर टीटीपी एका दुपटीने लांबते, २५ मिनिटांनी. म्हणजे कमी रक्ताचं नुकसान आकड्यात दिसत नाही. ते रिकाम्या बाटलीत दिसतं.

वाजल्यावर

पहिली गोष्ट, ग्रॅम स्टेन, आणि जे दिसेल ते फोनवर वॉर्डाला, पहाटेचे तीन का असेनात. सांगताना कोणत्या सेटची कोणती बाटली आणि किती तासांनी, हेही सांगा. स्लाइडवर काही दिसत नसेल तर दोन शक्यता: जादा भरलेली बाटली किंवा खूप वाढलेल्या पांढऱ्या पेशी, नाहीतर न्युमोकॉकस. हा जंतू स्वतःच फुटून जातो, म्हणून बाटली वाजते पण स्लाइड रिकामी दिसते. तेव्हा प्लेटवर लावल्याशिवाय 'फॉल्स पॉझिटिव्ह' लिहू नका.

खरं की कंटॅमिनेशन, हे ठरवताना मी आधी जंतूचं नाव बघतो, मग किती सेटमध्ये आला ते, मग पेशंट, आणि शेवटी तास. क्रम मुद्दाम असा आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, न्युमोकॉकस, इ. कोलाय आणि त्याची भावंडं, स्युडोमोनस एरुजिनोसा, कॅन्डिडा: हे एका बाटलीत आले तरी खरे माना, कितीही तासांनी आले तरी. चाळीस तासांनी एकाच बाटलीत आलेला ऑरियस 'उशिरा आला म्हणून कंटॅमिनेशन' असं म्हणून सोडून दिला, तर माणूस जाऊ शकतो. उलट कॉन्स, डिफ्थिरॉइड्स, बॅसिलस, मायक्रोकॉकस, क्युटिबॅक्टेरियम हे चारपैकी एका बाटलीत आले, तर बहुधा कातडीवरचे. तेच दोन वेगळ्या टोचण्यांतल्या दोन्ही सेटमध्ये आले, तर थांबून विचार करा, विशेषतः शरीरात कॅथेटर, कृत्रिम झडप किंवा सांधा असेल तर.

तास इथे मदतीला येतात, पण ते निकाल देत नाहीत. इ. कोलाय, क्लेबसिएला साधारण १० ते १५ तासांत. ऑरियस त्याच्या थोडं मागे. कंटॅमिनेशनचा कॉन्स बहुधा २० ते ४० तासांत, कारण सुईबरोबर गेलेले जंतू मोजके असतात. क्युटिबॅक्टेरियमला चार-पाच दिवसही लागतात. कॅन्डिडा एक ते तीन दिवस. पण खरा कॉन्स आणि कंटॅमिनेशनचा कॉन्स यांचे तास एकमेकांत मिसळतात, त्यामुळे '२४ तासांच्या आत म्हणजे खरा' अशी रेघ मारता येत नाही.

ऑरियस मात्र १२-१४ तासांच्या आत वाजला की मी फोनवर एक वाक्य जास्त बोलतो. इतका लवकर येणं म्हणजे रक्तात भार जास्त, आणि अशांमध्ये हृदयाच्या झडपेवर किंवा शिरेत मुक्काम केलेला संसर्ग जास्त सापडतो. इको करा, आणि कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठवा. उशिरा वाजला म्हणून इको टाळायचा, असा मात्र याचा अर्थ नाही.

दोन-तीन दिवसांनी वाजलेल्या बाटलीत नाजूक, बारीक ग्रॅम निगेटिव्ह कॉकोबॅसिलाय दिसले आणि पेशंट गाई-म्हशी, शेळ्या सांभाळणारा असेल, तर ब्रुसेल्लाचा विचार करा आणि पुढचं सगळं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. उघड्यावर प्लेट हुंगणं वगैरे नको.

पहिला पेशंट

५८ वर्षांचे गृहस्थ, लघवीचा त्रास, थंडी वाजून ताप, बीपी कमी. कॅज्युअल्टीत आधी सेफ्ट्रियाक्झोन गेलं, मग व्हेन्फ्लॉनमधून एकच बाटली, त्यात ३ मिलीच्या आसपास. बाटली २९ तासांनी वाजली. ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय झुपक्यांत, पुढे एपिडर्मिडिस. आता सांगा, खरा की खोटा? दुसरा सेट नाही, त्यामुळे तुलना नाही. २९ तास हा मधलाच आकडा. रक्त कमी, औषध आधी गेलेलं, त्यामुळे उशीर कशामुळे तेही कळेना. वॉर्डाने सावधगिरी म्हणून व्हॅन्कोमायसिन सुरू केलं. लघवीच्या कल्चरमध्ये इ. कोलाय आला आणि पेशंट सेफ्ट्रियाक्झोनवरच सुधारत होता, तरी 'ब्लडमध्ये आलंय ना' म्हणून व्हॅन्कोमायसिन सात दिवस चाललं. क्रिएटिनिन १.१ वरून १.९ वर गेलं. आमचाही दोष होताच: रिपोर्टवर आम्ही अँटिबायोटिकची सगळी यादी छापून दिली होती. आता एका सेटमध्येच कॉन्स आला तर आम्ही सेन्सिटिव्हिटी आपणहून देत नाही. 'कंटॅमिनेशनची शक्यता जास्त, शंका असल्यास पुन्हा दोन सेट पाठवा आणि फोन करा' असं लिहितो.

दुसरी पेशंट

४६ वर्षांच्या बाई, मानेत टनेल्ड कॅथेटर, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डायलिसिसला आल्या त्याच कुडकुडत, ताप १०२. बाहेरून कॅथेटरची जागा स्वच्छ, ना लाली ना पू. सिस्टरांनी मशीन लावण्याआधीच कल्चर घेतलं, आणि हे फार शहाणपणाचं झालं. डायलिसिस चालू झाल्यावर सगळं रक्त कॅथेटरमधूनच फिरतं, मग कॅथेटरचं आणि हाताचं रक्त यांत फरक राहत नाही. एक सेट कॅथेटरच्या हबमधून, हब नीट घासून. दुसरा हाताच्या पंजावरच्या शिरेतून, कारण पुढे फिस्टुला करायचा असल्याने कोपराजवळच्या शिरा जपायच्या होत्या. चारही बाटल्यांत १० मिली, दोन्ही सेट पाच मिनिटांच्या अंतराने, आणि स्लिपवर वेळ-जागा लिहिलेली. संध्याकाळी ५:१५ ला चारही बाटल्या एकदमच मशीनमध्ये गेल्या.

कॅथेटरची एरोबिक बाटली पहाटे ३:०५ ला वाजली. ९ तास ५० मिनिटं. हाताची सकाळी ६:३५ ला. १३ तास २० मिनिटं. फरक २१० मिनिटांचा.

नियम असा: त्याच वेळी, तेवढंच रक्त घेतलेलं, तोच जंतू, आणि कॅथेटरची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा १२० मिनिटं किंवा जास्त आधी वाजली, तर संसर्गाचं मूळ कॅथेटर. १२० मिनिटं का, ते दुपटीच्या हिशोबाने लगेच दिसतं. दुपटीला ३० मिनिटं धरली तर चार दुपटी, म्हणजे कॅथेटरच्या रक्तात सोळा पट जंतू. इथे २१० मिनिटं, सात दुपटी, म्हणजे सव्वाशे पटींहून जास्त. हातातल्या रक्तात जंतू कॅथेटरमधून धुऊन येत होते. दुपारपर्यंत दोन्हींत एपिडर्मिडिस आणि सेन्सिटिव्हिटीचा नमुनाही सारखाच आला. कॅथेटर बदलला, व्हॅन्कोमायसिन डायलिसिसच्या वेळापत्रकाप्रमाणे दिलं, ताप दोन दिवसांत उतरला.

हाच हिशोब कुठे फसतो? हाताच्या बाटलीत ४ मिली आणि कॅथेटरच्या बाटलीत १० मिली असेल तर एक-दीड दुपट आपणच तयार केली. एक सेट आधी मशीनमध्ये गेला आणि दुसरा तासाभराने, तर मधल्या वेळची वाढ कुठल्याच घड्याळात येत नाही. कॅथेटरची बाटली वाजली आणि हाताची पाच दिवस शांत राहिली, तर ते बहुधा हबवरच चिकटलेले जंतू. रक्तातला संसर्ग त्याने सिद्ध होत नाही. ऑरियसच्या बाबतीत हा १२० मिनिटांचा निकष कमी भरवशाचा आहे. फरक कमी आला तरी कॅथेटरला निर्दोष सोडू नका.

आपल्या वॉर्डाचा हिशोब

कंटॅमिनेशनचा दर काढायला फार काही लागत नाही. महिन्यातले कंटॅमिनेटेड सेट भागिले एकूण सेट, गुणिले शंभर. ३ टक्क्यांच्या खाली हवा, आणि आता चांगल्या लॅब १ टक्क्याचं ध्येय ठेवतात. धरा, महिन्यात २४० सेट आले आणि १४ कंटॅमिनेटेड निघाले: ५.८ टक्के. हा एकच आकडा नोटीस बोर्डावर लावून काही होत नाही. तो वॉर्डाप्रमाणे आणि घेण्याच्या जागेप्रमाणे फोडा. १४ पैकी ११ कॅज्युअल्टीचे आणि त्यातले बरेचसे व्हेन्फ्लॉनमधले निघाले, तर प्रशिक्षण कुणाला आणि कशाचं, हे आपोआप ठरतं.

एक इशारा. जिथे एकच बाटली पाठवायची पद्धत आहे तिथे हा दर काढताच येत नाही, कारण खरं-खोटं ठरवायला दुसरा सेटच नसतो. आणि दर फार छान, अर्धा टक्का वगैरे आला, पण एकूण पॉझिटिव्हही जेमतेम निघत असतील, तर आधी बाटल्यांचं वजन करून बघा. रिकामी बाटली तोला, भरून आल्यावर तोला. रक्ताचा एक मिली साधारण १.०५ ग्रॅम भरतो. आम्ही महिनाभर ट्रेमधल्या दर दहाव्या बाटलीला तराजूवर ठेवलं. स्लिपवर '१० मिली' लिहिलेल्या बऱ्याच बाटल्या चार-साडेचार ग्रॅमच वाढलेल्या होत्या.